थोडं कमावणारी कल्पना कधी सोडायची?

(लोहा येथे तरुण-तरुणींच्या आणि बचत गटांच्या बैठकीत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आज माझ्याकडे एकच प्रश्न आहे. तुम्ही पाच-सहा कामांची यादी केली, त्यातलं एक निवडलं, वर्षभर करून पाहिलं. ते बुडालं नाही. पण त्यातून येतं ते फार थोडं. आता ते चालू ठेवायचं, की सोडून यादीतल्या पुढच्या कामाला हात घालायचा?

जे काम साफ बुडतं, त्याचा निर्णय आपल्याला घ्यावा लागत नाही. पैसे संपतात आणि काम आपोआप थांबतं. चांगलं चालणाऱ्या कामाबद्दलही प्रश्न पडत नाही. अडचण होते ती मधल्या कामाची. ते रोज थोडं देतं, त्यामुळे थांबवायला कारण सापडत नाही, आणि बघता बघता तीन-चार वर्षं निघून जातात. आपल्या मोहल्ल्यात अशी कामं भरपूर आहेत. कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, ‘चार पैसे येतात ना भाई, बसून राहण्यापेक्षा बरं.’ हे उत्तर खोटं नाही. पण त्यात एक हिशेब राहून गेलेला असतो, तोच आज मांडतो.

मी नोकरीने सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. आमच्या मोठ्या आपा आणि मोहल्ल्यातल्या आणखी तिघींनी मिळून एक काम सुरू केलं, त्याची वही मी सांभाळतो. एवढ्याच नात्याने बोलतो आहे. उदाहरण त्या वहीतलंच घेतो, म्हणजे हवेतलं बोलणं होणार नाही.

२०२३ च्या शेवटी चौघींनी पाच कामांची यादी केली. पहिलं शेवया, दुसरं शाळेच्या गणवेशाची शिलाई, तिसरं खानावळींना भाकरी-पोळी, चौथं हळद आणि मसाला दळून विकणं, पाचवं लग्नाच्या जेवणासाठी लसूण-कांदा सोलून देणं. शेवया पहिल्या नंबरवर आल्या, कारण कला हातात होती आणि समोर रमजान होता. भिशीचे पैसे उचलून २८,००० रुपयांचं विजेवर चालणारं शेवयांचं मशीन घेतलं.

काम सुरू होण्याआधी मी त्यांना वहीच्या पहिल्या पानावर दोन ओळी लिहायला लावल्या. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात नवीन प्रयोग सुरू करताना तो कधी थांबवायचा हेही आधीच लिहून ठेवतात. नंतर जीव गुंततो आणि रेघ हळूहळू खाली सरकत जाते, म्हणून. पहिली ओळ होती तारीख: दुसरी रमजान ईद झाली की हिशेबाला बसायचं, त्याआधी बंद करण्याची चर्चा नाही आणि त्यानंतर टाळाटाळ नाही. दुसरी ओळ होती आकडा: वर्षभराची सरासरी तासाला ४५ रुपयांच्या खाली आली, तर यादीतलं पुढचं काम तपासायचं.

४५ हा आकडा आकाशातून पडलेला नाही. त्या वर्षी आमच्याकडे निंदणीला बाईला ३०० रुपये रोज मिळत होता. सात तास धरले तर तासाला ४३ रुपये झाले. घरात सावलीत बसून, भांडवल घालून, उधारी सांभाळून केलेल्या कामाने निदान रोजंदारीपेक्षा थोडं तरी जास्त द्यावं, एवढीच ती अपेक्षा होती. तुमची रेघ वेगळी असेल. तुमच्या तासाला दुसरीकडे खरोखर काय मिळू शकतं, त्यावरून ती काढायची.

आता दुसऱ्या ईदनंतरचा हिशेब सांगतो. २०२४ ची ईद ११ एप्रिलला झाली, २०२५ ची ३१ मार्चला. या दोन ईदींच्या मधलं पूर्ण वर्ष घेतलं. त्यात ५२० किलो शेवया विकल्या गेल्या. विक्रीचा भाव १२० रुपये किलो. खर्च किलोमागे असा: रवा ४४ रुपये, तुटफूट ३, पाकीट ४, वीज २, दुकानदाराचं कमिशन १५, ने-आण २. एकूण ७०. हातात राहिले किलोला ५० रुपये, म्हणजे वर्षाचे २६,०००.

बहुतेक लोक हिशेब इथे थांबवतात. २६,००० रुपये फायदा, मग सोडायचं कशाला? पण वहीत आणखी एक रकाना होता, तासांचा. कोणी किती वेळ मळलं, वाळवलं, उलटलं, पाकिटं भरली, दुकानात जाऊन पैसे मागितले, हे रोज संध्याकाळी लिहायचं. आपांना सुरुवातीला हे चमत्कारिक वाटलं. ‘घरातल्या कामाचा काय तास मोजतोस रे,’ असं त्या म्हणायच्या. पण हाच रकाना शेवटी कामाला आला. मोबाईलवरच्या शीटमध्ये एकच सूत्र होतं: विक्रीतून खर्च वजा करायचा आणि तासांनी भागायचं.

```
=(B2-C2)/D2
```

वर्षाचे ६३६ तास भरले. २६,००० भागिले ६३६, म्हणजे तासाला साधारण ४१ रुपये. रेघ ४५ ची होती. म्हणजे काम रेघेच्या खाली, पण फार खाली नाही. अशा वेळी सरासरीवर निर्णय घेऊ नये, सरासरी फोडून पाहावी.

आम्ही वर्षाचे दोन तुकडे केले. ईदच्या आधीचे चार आठवडे एका बाजूला आणि उरलेलं वर्ष दुसऱ्या बाजूला. चार आठवड्यांत २८० किलो गेले, त्याचे १४,००० रुपये सुटले आणि तास लागले २५२. तासाला साडेपंचावन्न रुपये पडले. उरलेल्या वर्षात २४० किलो गेले, त्याचे १२,००० सुटले आणि तास लागले ३८४. तासाला ३१ रुपये.

एकच काम, तेच हात, तेच मशीन, मग इतका फरक का? रमजानमध्ये घाणा दहा किलोचा निघायचा आणि त्याला चौघींचे मिळून नऊ तास लागायचे. इतर दिवसांत मागणी नसल्याने घाणा पाच किलोचा निघायचा, पण तास लागायचे आठ. मशीन धुणं तेवढंच, गच्चीवर चादरी अंथरणं तेवढंच, दुकानाची फेरी तेवढीच, माल मात्र अर्धा. शिवाय रमजानमध्ये दुकानदार पैसे लगेच देतो, कारण त्याला उद्या पुन्हा माल हवा असतो. इतर वेळी त्याच दुकानात तीन फेऱ्या व्हायच्या.

‘चार पैसे येतात ना’ या उत्तरात काय राहून जातं, ते आता स्पष्ट होईल. ते ३१ रुपये येतात हे खरं आहे. पण ते येण्यासाठी चौघींचे ३८४ तास अडकून पडतात, आणि त्या तासांत यादीतलं दुसरं काम तपासायला कुणी मोकळं राहत नाही. तोट्यात चालणारं काम पैसा खातं. थोडं कमावणारं काम तास खातं, आणि तासांची पावती कुणी देत नाही, म्हणून ते कळत नाही.

आता दुसरा मुद्दा, जो आपल्या समाजात काम करणाऱ्यांना विशेष लक्षात ठेवावा लागेल. काम वाढतंय की थांबलंय, हे मागच्या वर्षाशी तुलना करून कळतं. पण तुलना कोणत्या महिन्याची कोणत्या महिन्याशी करायची? हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं असतं, त्यामुळे रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. आमच्या वहीत याने काय गंमत केली, बघा.

मार्च २०२४ ची विक्री होती १७,६०० रुपये आणि मार्च २०२५ ची ३४,२०० रुपये. हे दोन आकडे पाहून एक भाऊ म्हणाले की धंदा दुप्पट झाला, आणखी एक मशीन घ्या. मग एप्रिल पाहिला. एप्रिल २०२४ ची विक्री १६,५०० आणि एप्रिल २०२५ ची २,१६० रुपये. हे पाहून दुसऱ्या खाला म्हणाल्या की धंदा बसला, आजच बंद करा. दोघांचे आकडे बरोबर होते आणि दोघांचे निष्कर्ष चुकीचे. २०२४ मध्ये ईदची खरेदी मार्च आणि एप्रिलमध्ये विभागली गेली होती, २०२५ मध्ये ती सगळी मार्चमध्येच आली. धंदा वर गेला नव्हता, खालीही आला नव्हता. फक्त ईद सरकली होती.

म्हणून आम्ही महिने सोडले आणि ईदपासून उलटे दिवस मोजले. ईदच्या आधीचे २८ दिवस २०२४ चे, आणि तेच २८ दिवस २०२५ चे. २०२४ मध्ये विक्री ३०,८०० रुपये, २०२५ मध्ये ३३,६००. नऊ टक्के वाढ. बरं वाटलं. पण मधल्या काळात भाव ११० वरून १२० झाला होता. तीसुद्धा नऊ टक्केच वाढ. मग किलो काढले. २०२४ मध्ये २८० किलो, २०२५ मध्येही २८० किलो. एक किलोसुद्धा जास्त नाही. रुपयांनी वाढ दाखवली होती, ती सगळी भावाची होती. म्हणून विक्रीची तुलना करताना रुपयांबरोबर नग किंवा किलोही लिहायचे. महागाईच्या दिवसांत रुपये नेहमीच थोडे वाढलेले दिसतात, आणि थांबलेलं काम त्याआड लपून जातं.

गणपती, दिवाळी, लग्नसराई यांवर चालणाऱ्या कामांनाही हेच लागू आहे. अधिक महिना आला की दिवाळीची तारीख पुढे जाते. सणावर चालणारं काम सणापासून मोजा, कॅलेंडरच्या महिन्यावरून नाही.

२८० वर काम अडलं हे कळलं. पण अडलं कशामुळे? इथे घाई करू नये. कमी उत्पादनामुळे अडलेलं काम आणि कमी मागणीमुळे अडलेलं काम, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माल हातोहात संपत असेल आणि गिऱ्हाईक परत जात असेल, तर काम सोडायचं नसतं, हात वाढवायचे असतात. आमच्याकडे दोन्ही वर्षी ईदच्या आदल्या रात्री पंधरा-वीस किलो माल शिल्लक होता. म्हणजे हात कमी पडले नव्हते. लोह्यातल्या ज्या घरांना विकतच्या शेवया घ्यायच्या होत्या, त्यांनी घेतल्या होत्या. बाकीच्या घरांत आजही शेवया घरीच होतात.

तरी सोडण्याआधी दुरुस्ती करून पाहिली. तीन दुरुस्त्या, एका वेळी एकच, प्रत्येकीला ठरलेली मुदत. या प्रयोगांचा माल आणि तास वेगळ्या पानावर लिहिले, वरच्या हिशेबात ते धरलेले नाहीत. पहिली दुरुस्ती: नांदेडच्या दुकानांत माल ठेवला. चार आठवड्यांत ३० किलो गेले, पण बसभाडं, जास्तीचं कमिशन आणि वसुलीच्या फेऱ्या जाऊन किलोमागे ५० ऐवजी १८ रुपये उरले, तेही दोन महिन्यांनी. दुसरी: भाजलेल्या शेवयांची अर्धा किलोची पाकिटं. एका महिन्यात चाळीसपैकी नऊ गेली, कारण मोठ्या कंपन्यांचं पाकीट शेजारीच स्वस्तात होतं. तिसरी: आपल्याच तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत दोघींनी दोन दिवस दुकान लावलं. गर्दी प्रचंड, विक्री २२ किलो, म्हणजे ११०० रुपये. जागेचे ४०० गेले, ७०० उरले. यात्रेत घालवलेले तासच ३२ होते. शेवया करण्याचे तास न धरताही तासाला २२ रुपये पडले. यात्रेत आलेला माणूस तिथे खाण्याच्या वस्तू घेतो, घरी शिजवायच्या शेवया नाही.

आता कोणी म्हणेल, थोडा धीर धरला असता तर? मोठे उद्योग धीरानेच उभे राहिले ना? बरोबर आहे, म्हणून महाराष्ट्रातलं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण घेऊ. किर्लोस्कर समूह आपली सुरुवात १८८८ ची मानतो, आणि ती झाली बेळगावातल्या सायकलच्या दुकानापासून. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. नोकरी सोडून ते बेळगावला आले. सायकली विकता विकता त्यांनी चारा कापण्याचं यंत्र केलं, आणि त्यानंतर लोखंडी नांगर. तो नांगर सुमारे दोन वर्षं खपला नाही. लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. तरी लक्ष्मणरावांनी नांगर सोडला नाही. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानने दिलेल्या जागेवर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि नांगर हे तिथलं ओळखीचं उत्पादन झालं.

वरवर पाहिलं तर हे उदाहरण माझ्या म्हणण्याच्या उलट वाटेल. नीट पाहा. नांगर काहीच कमावत नव्हता, तरी तो ठेवला. सायकलचं दुकान कमवत होतं, तरी त्यांची मेहनत यंत्रांकडे वळली. म्हणजे आज किती कमाई होते, यावर निर्णय झालाच नाही. नांगर न खपण्याचं कारण माहीत होतं: मनातली भीती. एका शेतकऱ्याने वापरला, त्याचं पीक नीट आलं, की शेजाऱ्याची भीती कमी होणार होती. अडथळा वितळणारा होता, आणि त्यापलीकडे लाखो शेतकरी होते. आमच्या शेवयांचा अडथळा वेगळा होता. लोकांना शेवयांची भीती नव्हती, त्यांना त्या नको होत्या असंही नाही. हव्या तेवढ्या त्यांना मिळत होत्या. अशा अडथळ्यावर धीर हा उपाय नाही.

म्हणून स्वतःला विचारायचा प्रश्न असा: विक्री कशामुळे अडली आहे, हे मला एका वाक्यात सांगता येतं का? आणि ते कारण वेळेबरोबर कमी होणारं आहे का? दोन्हींना ‘हो’ म्हणता आलं तर नवीन मुदत घालून थांबा. कारण सांगता येत नसेल तर दुरुस्त्या करून कारण शोधा. कारण सापडलं आणि ते हलणारं नसेल, तर मग मुदत वाढवू नका.

आता मशीनचं. ‘२८,००० चं मशीन आहे, निदान त्याचे पैसे वसूल होईपर्यंत तरी चालवू.’ आमच्या बैठकीत सगळ्यात जोराने मांडलेला मुद्दा हाच होता, आणि मशीन भिशीच्या पैशातलं असल्याने तो मनालाही लागला. पण २८,००० रुपये गेले ते २०२४ मध्येच. शेवया चालू ठेवल्या तरी ते गेले आणि बंद केल्या तरी ते गेले. आज विचार फक्त एवढाच करायचा की हे मशीन आज विकलं तर किती येतील, आणि ठेवलं तर ते काय देईल. चौकशी केली, १६,००० येत होते. नुसत्या रमजानच्या चार आठवड्यांत ते मशीन वर्षाला १४,००० मिळवून देत होतं. म्हणजे मशीन ठेवायला हरकत नव्हती. पण मशीन ठेवायचं म्हणून वर्षभर शेवया करायच्या, याला मात्र काही आधार नव्हता. हे दोन निर्णय वेगळे आहेत, आणि लोक ते एकत्र बांधतात म्हणून अडकतात.

एवढं झाल्यावरही आम्ही शेवया लगेच बंद केल्या नाहीत. जुनं काम तुम्हाला आतून-बाहेरून माहीत असतं, त्याचे सगळे दोष दिसतात. नवीन काम फक्त यादीत असतं, म्हणून ते सुंदर दिसतं. तुलना खरी व्हायची तर नव्याचीही छोटी चाचणी हवी, आणि ती खर्च न करता हवी.

जून २०२५ मध्ये, शाळा उघडण्याच्या वेळी, चौघींनी गणवेशाचे ४० जोड शिवायला घेतले. कपडा पालकांचा, शिलाई यांची. नवीन मशीन घेतलं नाही, दोघींच्या घरी शिलाई मशीन होतीच. एका जोडाचे १८० रुपये मिळायचे, त्यातले २५ दोरा, बटण आणि विजेला जायचे, १५५ उरायचे. पहिल्या दहा जोडांना प्रत्येकी चार तास लागले, तासाला ३९ रुपये पडले. एका खाला त्याच आठवड्यात म्हणाल्या की हेही शेवयांसारखंच आहे. पण पुढच्या तीस जोडांत हात बसला, एकीने कापायचं आणि दुसरीने शिवायचं असं ठरलं, आणि वेळ अडीच तासांवर आला. तासाला ६२ रुपये झाले.

इथे दोन खबरदाऱ्या घ्याव्या लागतात. नवीन कामाची सुरुवात नेहमी हळू असते, म्हणून जुन्या कामाच्या सरावलेल्या तासांशी त्याचा पहिला आठवडा ताडून पाहू नये, शेवटचा टप्पा घ्यावा. आणि चाचणीच्या दिवसांत सगळे हुरुपाने काम करतात, ओळखीचे लोक मदत म्हणून काम देतात, म्हणून आलेला आकडा जसाच्या तसा धरू नये. आम्ही त्याचा चौथा हिस्सा कापला. ६२ चे साडेशेहेचाळीस झाले. हा आकडा शेवयांच्या एरवीच्या ३१ पेक्षा बराच वर होता आणि ४५ च्या रेघेच्याही वर. पण रमजानच्या साडेपंचावन्नच्या खाली होता.

निर्णय आकड्यांनीच सुचवला. रमजानच्या आधीच्या शेवया ठेवायच्या, बाकी वर्षाच्या शेवया बंद करायच्या आणि ते तास गणवेशाला द्यायचे. दोन्ही कामं एकमेकांत घुसतील का, हेही पाहिलं. शिलाईची गर्दी मे-जूनमध्ये असते. रमजान २०२६ मध्ये फेब्रुवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात सुरू होणार होता आणि नंतर दर वर्षी आणखी अलीकडे जाणार होता. पुढची बरीच वर्षं दोन्ही एका महिन्यात येणार नाहीत.

सोडतानाही नीट सोडायचं असतं. दुकानदारांना आधी सांगितलं, नाहीतर बंद होतंय कळल्यावर उधारी परत येत नाही असा सगळीकडचा अनुभव आहे. म्हणून आधी बाकी वसूल केली, मग शेवटचा माल दिला आणि सोबत सांगितलं की रमजानच्या महिनाभर आधी पुन्हा येऊ. वर्षभर घेणाऱ्या नऊ-दहा घरांना मागणीप्रमाणे दहा किलो जमल्यावरच घाणा काढू, असं कळवलं. घाणा दहा किलोचा झाला की तास परवडतात.

आमच्या एका बुजुर्ग नातेवाईकांनी विचारलं, ‘अल्लाहने दिलेल्या रिज्कला अशी लाथ मारायची का?’ हा प्रश्न टाळण्यासारखा नाही, कारण तो अनेक घरांत विचारला जातो. आपांनी उत्तर दिलं ते मला पटलं. त्या म्हणाल्या, ‘चाचा, रिज्क शेवयांत नाही, हातांत आहे. हात तेच आहेत.’

या पद्धतीच्या मर्यादाही सांगतो. पहिली, जिच्या तासाला दुसरीकडे खरोखर काहीच मागणी नाही, तिच्यासाठी ३१ रुपयेसुद्धा कमी नाहीत. घरात आजारी माणूस आहे, लहान मूल आहे, बाहेर पडता येत नाही, अशा बाईची रेघ ४५ ची असू शकत नाही. आमच्या चौघींपैकी एकीची परिस्थिती अशीच होती, म्हणून तिला गणवेशाचं काज-बटणाचं काम घरी देण्याचं आधी ठरलं, मग शेवया थांबवल्या.

दुसरी मर्यादा गणवेशाचीच. सरकारी शाळांच्या मोफत गणवेशाबद्दल राज्याचा निर्णय बदलत आला आहे. २०२४-२५ साठी शासनाने कपडा एकत्रित घेऊन शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळाच्या बचत गटांकडून करून घेण्याचं ठरवलं, आणि पुढच्या वर्षासाठी अधिकार पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिले. जे काम एका आदेशाने येतं ते दुसऱ्या आदेशाने जातं. म्हणून आमच्या हिशेबात आम्ही फक्त खासगी शाळांच्या पालकांची मागणी धरली. सरकारी काम मिळालं तर घेऊ, पण रेघ त्याच्या भरवशावर ओढलेली नाही.

आणि तिसरी गोष्ट, गणवेशालाही तीच वही लागू आहे. पहिल्या पानावर तारीख लिहिली आहे: पुढच्या वर्षी शाळा सुरू झाल्यानंतरची १५ जुलै. आकडा लिहिला आहे, तो तेव्हाच्या रोजंदारीवरून काढायचा. जोडांची संख्या वेगळी लिहायची आहे, रुपये वेगळे. त्या दिवशी गणवेशही रेघेच्या खाली निघाला, तर यादीत तिसऱ्या नंबरवर भाकरी-पोळी आहे. तिची चाचणी कोणत्या दोन खानावळींत, किती पोळ्यांनी करायची, हेही आपांनी शेवटच्या पानावर लिहून ठेवलं आहे.

तुमच्यापैकी ज्यांचं काम सध्या ‘चार पैसे’ देतं आहे, त्यांनी उद्यापासून एकच करा. आहे त्या वहीत तासांचा एक रकाना वाढवा आणि तो रोज भरा. सोडायचं की ठेवायचं, हे आज मला विचारू नका. एक पूर्ण हंगाम तो रकाना भरला की तुमच्या वहीत ते दिसेल. वही घेऊन या, आपण बसून बघू.